आजीच्या हातची बाटली

2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. कागदावर हे सहा महिने होतात. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं, असं डॉक्टरही सांगतात. म्हणजे हिशेब जुळायला हवा, पण घरोघरी तो जुळत नाही. या 26 आठवड्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते, आणि नववा महिना लागला की बसचे धक्के सोसवत नाहीत म्हणून बहुतेकजणी त्यातली काही घेतातच.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंची सहा आठवड्यांची रजा अशी आधीच गेली. उरले वीस आठवडे. कामावर रुजू व्हायच्या दिवशी त्यांची मुलगी साडेचार महिन्यांची असणार होती. वरचं अन्न सुरू व्हायला अजून दीड महिना बाकी, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा आई घराबाहेर, घरात आजी. आणि मुलगी अशी की जन्मल्यापासून अंगावरच्या दुधाखेरीज तिनं काही तोंडात घेतलेलं नाही. रुजू व्हायला चार आठवडे उरले असताना या घरात बाटली आली. पुढचे चार आठवडे या घरात जे घडलं, ते अशा अनेक घरांत घडतं. म्हणून ते नीट सांगण्यासारखं आहे.

दवाखान्यात न निघणारा विषय

बाळंतपणाच्या वॉर्डात बाळाला छातीशी कसं धरायचं हे नर्स दाखवतात, दूध हातानं कसं काढायचं हेही सांगतात. बाटलीचं नाव मात्र कुणी काढत नाही. त्यामागे कारण आहे. दूधपावडर आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. पाणी स्वच्छ नाही, बाटली नीट उकळलेली नाही, निप्पलच्या कडेला आदल्या दिवशीचं दूध साचलंय, अशा बाटल्यांतून बाळांना जुलाब व्हायचे आणि त्यात बाळं दगावायची. आजही बालरोगतज्ज्ञांचा पहिला सल्ला वाटी-चमच्याचाच असतो. आपल्या आज्या-पणज्यांचं बोंडलं याच जातीतलं. धुवायला सोपं, सांदीकोपरा नसलेलं.

हा सल्ला योग्यच आहे. अडचण येते ती दिवसभराच्या हिशेबात. वाटी-चमच्यानं ऐंशी मिलिलिटर दूध पाजायला हात बसावा लागतो, वेळ लागतो, आणि बाळ मान हलवू लागलं की निम्मं दूध लाळेऱ्यावर जातं. पाळणाघरात चार बाळं सांभाळणाऱ्या मावशी स्पष्टच सांगतात, बाटली घेत असेल तर आणा. त्यामुळे बाटली घरात येतेच, फक्त ती कशी द्यायची हे सांगणारं कुणी नसतं. बाटलीच्या खोक्यावर ती कशी उकळायची ते असतं. बाळाच्या तोंडात कशी द्यायची ते नसतं.

पहिला प्रयत्न

सिंहगड रस्त्यावरच्या घरात पहिली बाटली दिली ती अशी. बाळाला कडकडून भूक लागू द्यायची, म्हणजे नाइलाजानं घेईल, असं घरात ठरलं. आजी मांडी घालून बसल्या, नातीला मांडीवर आडवं घेतलं, जशी त्यांनी स्वतःची दोन्ही मुलं घेतली होती. बाटली वरून उभी धरली आणि निप्पल ओठांतून आत सरकवलं. आई तिथंच समोर, पलंगावर.

मुलीनं दोन घोट घेतले, डोळे मोठे केले, ठसका लागला, दूध गालावरून मानेत गेलं आणि ती किंचाळली. आजींनी जरा वेळानं पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशीही केला. तिसऱ्या दिवशी बाटली नुसती दिसली तरी मुलगी पाठीची कमान करून रडू लागली. “हट्टी आहे, बापावर गेलीय,” असं आजींचं निदान. आईला रात्री झोप लागेना.

मग त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी एका स्तनपान समुपदेशक बाईंकडे पाठवलं. समुपदेशक घरी आल्यावर त्यांनी मुलीआधी आजींना बाटली धरायला सांगितली. रिकामीच, एका उशीवर. आजींनी ती उभी धरताच त्या म्हणाल्या, “आजी, आता यात पाणी भरून हीच बाटली अशीच उलटी धरा बरं.” निप्पलमधून पाण्याची धारच लागली. “तुम्हाला आडवं झोपवून कुणी तोंडात अशी धार धरली तर?” आजी हसल्या, पण त्यांना कळलं.

पान्हा आणि धार

अंगावर पिताना बाळाच्या तोंडात जे घडतं ते बाटलीपेक्षा फार वेगळं असतं. बाळ आधी भराभर, उथळ चोखतं. तेव्हा दूध जवळजवळ येतच नाही. त्या चोखण्यानंच आईला पान्हा फुटतो. मग दूध जोरात येतं, बाळ संथ, खोल घोट घेतं. जोर ओसरला की ते थांबतं, श्वास घेतं, पुन्हा चोखतं. म्हणजे दुधाचा वेग बाळ स्वतः ठरवतं. उलट्या धरलेल्या बाटलीत मात्र पहिल्या क्षणापासून दूध येतं आणि बाळानं थांबायचं म्हटलं तरी थांबत नाही. दूध तोंडात साठतं, गिळावंच लागतं, श्वास घ्यायला फट राहत नाही. तोंड फिरवणं ही त्यावर बाळाकडं असलेली एकमेव तोड.

दुसरी गोष्ट वयाची. नवजात बाळाच्या टाळ्याला काही लागलं की ते आपोआप चोखतं. तो त्याच्या इच्छेचा प्रश्नच नसतो. तीन-चार महिन्यांच्या सुमाराला हे आपोआप चोखणं ओसरतं आणि बाळ ठरवून चोखू लागतं. म्हणून लवकर कामावर जायचं आहे हे आधीच माहीत असेल, तर अंगावरचं पिणं नीट बसल्यावर, म्हणजे साधारण चार ते सहा आठवड्यांनी, अधूनमधून थोडं दूध बाटलीनं द्यायला सुरुवात करणं सोपं जातं. चौथ्या महिन्यात सुरुवात करणाऱ्याला बाळाची संमती घ्यावी लागते. त्यात उपासमार कामाला येत नाही. भुकेनं कासावीस झालेलं बाळ नवं काही शिकायच्या मनःस्थितीत नसतं. शिवाय समोर आई बसलेली, तिचा वास येतोय, आवाज येतोय. मग या रबरी वस्तूशी झटापट कशाला, असं बाळाला वाटलं तर त्यात हट्ट कसला?

आजींची शिकवणी

समुपदेशकांनी पहिले चार दिवस बाटलीला सुट्टी दिली. त्या दिवसांत रिकामं, उकळून गार केलेलं निप्पल खेळण्यासारखं मुलीच्या हातात जायचं. ती ते हिरड्यांनी चावायची, फेकायची. अंगावर पाजणं नेहमीसारखं चालू होतं. एकदा आजींनी वाटी-चमच्यानं चार चमचे दूध दिलं, ते तिनं निमूट घेतलं. त्यातून एक उलगडा झाला. आजींच्या हातून दूध घ्यायला तिची हरकत नव्हती. हरकत होती ती त्या धारेला.

मग बाटली परत आली. या वेळी निप्पल सगळ्यात मंद धारेचं. खोक्यावर लिहिलेल्या आकड्यांवर विसंबू नये, कारण एका कंपनीचं ‘एक नंबर’ दुसरीच्या ‘दोन नंबर’इतकं वेगवान असू शकतं. बाटली उलटी केल्यावर थेंब-थेंब पडला पाहिजे, धार लागता कामा नये, ही घरच्या घरी करायची परीक्षा. बाटली ISI चिन्हाची घ्यावी, निप्पल टोकाकडून बुडाकडे हळूहळू रुंद होत जाणारं असावं, म्हणजे बाळाचे ओठ बाहेर वळून त्यावर नीट बसतात. याहून महाग बाटलीनं सहसा काही साधत नाही.

वेळ निवडली ती सकाळी अंगावर पिऊन तासभर झाल्यावरची. पोट गच्च नाही आणि भूकही डोक्यात गेलेली नाही. बाटलीत दूध जेमतेम पंधरा मिलिलिटर. सांडलं तरी जीव तुटू नये इतकंच. आई त्या वेळी खाली भाजी आणायला जायची.

आजींनी नातीला मांडीवर जवळजवळ बसतं धरलं, पाठीला आणि मानेला हाताचा आधार, डोकं कमरेपेक्षा बरंच वर. बाटली आडवी, जमिनीला समांतर, निप्पल अर्धंच दुधानं भरेल इतकी. पोटात हवा जाईल अशी आजींना धास्ती होती. मंद पिणाऱ्या बाळाला या हवेचा विशेष त्रास होत नाही आणि ढेकर काढायची सवय आजींना होतीच. निप्पलचं टोक वरच्या ओठाला हलकेच टेकवायचं आणि थांबायचं. आत ढकलायचं नाही. बाळानं जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की मगच आत, आणि तेही बुडापर्यंत, नुसतं टोक नाही.

पुढचं काम मोजण्याचं. चार-पाच घोट झाले की बाटलीचं बूड खाली करायचं, म्हणजे निप्पलमधलं दूध मागं जातं. निप्पल तोंडातच राहू द्यायचं. बाळ श्वास घेतं, पुन्हा चोखू लागलं की बाटली परत आडवी. अंगावर पिताना मिळणाऱ्या विश्रांतीची ही नक्कल आहे. एक पाजणं पंधरा-वीस मिनिटांत व्हावं. पाच मिनिटांत बाटली रिकामी झाली तर कौतुक करू नये, धार जोरात आहे असं समजावं. कपाळाला आठ्या, ताणलेली बोटं, मोठे डोळे, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारं दूध, घशात होणारा आवाज, या सगळ्या ‘सावकाश’ म्हणणाऱ्या खुणा. हात सैल पडले, मान वळली, की पोट भरलं. मग तळाशी राहिलेल्या दोन चमच्यांसाठी आग्रह नको.

सगळ्यात कठीण नियम आजींना पाळावा लागला तो थांबण्याचा. मुलगी कुरकुरली तर उठून खिडकीशी जायचं, चालत चालत पुन्हा एकदा द्यायचं. रडायला लागली तर बाटली बाजूला. शिकण्याच्या या दिवसांत एका वेळी दहा मिनिटांच्या वर नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. रडत्या तोंडात निप्पल घालायचं नाही. शेजारच्या काकूंनी सुचवलं तसं निप्पल मधात बुडवायचं नाही, कारण वर्षाखालच्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. साखरेचं पाणीही नको.

पहिल्या दिवशी तिनं निप्पल नुसतं चावलं. दुसऱ्या दिवशी ओठ लावले आणि सोडले. तिसऱ्या दिवशी झोपेतून उठल्या उठल्या, अजून डोळे पुरते उघडले नसताना, आजींनी दिलं आणि दहा मिलिलिटर गेलं. आठवड्याच्या शेवटी ती चाळीसवर आली.

साबणाचा वास

आणि मग गाडी अडली. एका दिवशी साठ मिलिलिटर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन चोखण्यांतच निप्पल थुंकून टाकायची. आजी तीच, खुर्ची तीच, वेळ तीच. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. आईनं तारखा ताडून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं, ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी दूध नुकतंच काढलेलं होतं. नाकारलं ते आदल्या दिवशीचं, फ्रिजमधलं. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून वास घेतला तर फ्रिजमधल्या दुधाला साबणासारखा वास.

आजींना वाटलं, दूध नासलं. काढून ठेवलेल्या दुधावर त्यांचा आधीपासूनच विश्वास नव्हता. पण नासलेल्या दुधाचा वास आंबूस असतो. साबणासारखा वास येतो तो दुधातल्याच लायपेज नावाच्या विकरामुळे. ते दुधातली चरबी पचायला सोपी करतं, आणि काही बायकांच्या दुधात ते थंडीतही आपलं काम चालूच ठेवतं. असं दूध बाळाला अपायकारक नसतं. अनेक बाळं ते तक्रार न करता पितात. काहींना मात्र चव चालत नाही.

उपाय दूध काढल्याबरोबर करायचा, वास आल्यावर उपयोग नाही. ताजं दूध छोट्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं, कडेनं बारीक बुडबुडे आले की उकळी फुटायच्या आत उतरवायचं, पातेलं गार पाण्यात ठेवून लगेच थंड करायचं आणि मग फ्रिजमध्ये. तापवल्यानं दुधातले काही रोगप्रतिकारक घटक कमी होतात, म्हणून बाळ नाकारत असेल तरच हे करायचं. या घरात केलं आणि दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमधलं दूध चालू लागलं.

आईचं दूध साठवता येतं यावर आजींचा विश्वास बसला तो एका वेगळ्याच गोष्टीनं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. तिथं आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइझ करून गोठवतात आणि दिवस न भरता जन्मलेल्या नाजूक बाळांना देतात. “इतक्याशा बाळांना चालतं, तर आमच्या धटिंगणीला काय होतंय,” असं म्हणून आजींनी फ्रिजमधला एक कप्पा मोकळा करून दिला.

घरच्या दुधाचे नियम साधे. खोलीत 25 अंशांपर्यंत चार तास, पण पुण्याच्या उन्हाळ्यात काढलं की थेट फ्रिजमध्ये. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नाही, चार दिवसांपर्यंत. साठ-साठ मिलिलिटरच्या वाटण्या, वर तारीख. कोमट पाण्यात बाटली उभी करून गरम करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण त्यात मधेच चटका बसेल इतकं गरम होतं. तोंड लावून उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकायचं. आणि प्रत्येक वेळी बाटली, निप्पल, रिंग सुटी करून धुवायची आणि दिवसातून एकदा तरी उकळायची. 1992 चा कायदा ज्या भीतीपोटी आला, ती भीती इथं ओट्यावर दूर ठेवावी लागते.

किती लागेल?

रुजू व्हायला आठवडा राहिला तेव्हा आईची चिंता बदलली. शेजारणीचं त्याच वयाचं बाळ पावडरचं दूध एका वेळी दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर पितं आणि आपण तर कष्टानं पन्नास-साठ काढतो.

ही तुलना चुकीची आहे. पावडरचं दूध पिणाऱ्या बाळाचं प्रमाण वयाबरोबर वाढतं. अंगावर पिणारं बाळ पहिल्या महिन्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दिवसाला साधारण तेवढंच दूध पितं, सरासरी साडेसातशे ते आठशे मिलिलिटर. त्यावरून ढोबळ हिशेब असा की आई जितके तास बाहेर, तासाला तीस मिलिलिटर. साडेनऊ तासांचे झाले पावणेतीनशेच्या आसपास. निघताना आणि आल्यावर आई अंगावर पाजणारच, म्हणजे मधे तीन वेळा ऐंशी-नव्वद मिलिलिटर. तेवढं दूध पहाटे एकदा आणि बँकेत दोनदा काढून जमतं. घाई करून मोठ्या बाटल्या भरून दिल्या की आई रोज कमी पडते आणि दूध आटल्याचा खोटा समज होतो.

शेवटच्या आठवड्यात रंगीत तालीम झाली. आई आधी दोन तास, मग चार, मग पूर्ण दिवस बाहेर. आजींनी वहीत वेळ आणि मिलिलिटर लिहून ठेवले.

पहिला आठवडा

रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी तालमीतलं सगळं विसरून मुलीनं दिवसभरात नव्वदच मिलिलिटर घेतले. आजींनी तिला जास्त झोपवलं, फिरवलं, आणि दोनदा वाटी-चमच्यानं थोडं दिलं. संध्याकाळी आई आल्यावर ती सुटलीच. त्या रात्री चार वेळा उठली. हे अपेक्षित असतं. बरीच बाळं दिवसा जेमतेम घेऊन संध्याकाळी आणि रात्री भरपाई करतात. आईची झोप मोडते, पण चोवीस तासांचा हिशेब भरतो.

तो भरतोय की नाही हे बाटलीवरून ठरवू नये, लंगोटावरून ठरवावं. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा भरपूर, फिकी लघवी आणि वजन पुढं सरकत असेल तर दिवसाची कमी बाटली चालून जाते. लघवी कमी किंवा गडद होत असेल, बाळ मलूल असेल, टाळू खोल गेलेली वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. प्रत्येक घोटाला ठसका, दूध नाकातून येणं, ओठ निळसर होणं, याला शिकवणीचा उपयोग नाही, तपासणीच हवी. बाळ अंगावरही प्यायला कुरकुरत असेल तर तोंडातला पांढरा बुरा, कानाचं दुखणं किंवा चोंदलेलं नाक, हे आधी पाहावं लागतं.

पहिल्या आठवड्याच्या वहीत आकडे असे आहेत: नव्वद, एकशे दहा, ऐंशी, एकशे साठ, दोनशे. दुसऱ्या आठवड्यात दोनशे तीसवर ती स्थिरावली आणि रात्रीचं उठणं दोनदावर आलं. पावणेतीनशेचा आकडा तिनं कधीच गाठला नाही, आणि तिचं वजन मात्र नेमानं वाढत राहिलं.

काही बाळं यातलं सगळं नीट करूनही बाटली घेत नाहीत. समुपदेशकांच्या मते तेव्हा बाटलीचा हट्ट सोडावा आणि आजी किंवा मावशींचा हात वाटी-चमचा, बोंडलं किंवा छोट्या पेल्यावर बसवावा. पाच महिन्यांचं बाळ पेल्याच्या काठावरून दूध ओढायला शिकतं. दूध सांडतं म्हणून लाळेरी जास्त लागतात, एवढंच. सहाव्या महिन्यानंतर नाचणीची पेज, वरण-भात सुरू झाला की दिवसाच्या दुधाची निकड हळूहळू उतरते आणि वर्षाच्या आसपास बाटली सोडवायचीच असते. ज्या बाळानं ती घेतलीच नाही, त्याच्या घरी ते एक काम कमी.

सिंहगड रस्त्यावरच्या आजी आता इमारतीतल्या दुसऱ्या एका घरी शिकवायला जातात. तिथं बाळ तीन महिन्यांचं आहे आणि आईच्या हातात सात आठवडे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी बाळाला हातच लावला नाही. सांभाळणाऱ्या मावशींना बसवलं, बाटलीत पाणी भरलं आणि म्हणाल्या, “आधी ही उलटी धरून दाखवा बघू.”